एका मीटरची केबल आणि गोठलेलं ऑफिस: नेटवर्क लूपचं एक प्रकरण

एका ऑफिसचं नेटवर्क सांभाळण्याचं काम माझ्याकडे आणि माझ्या एका सहकाऱ्याकडे होतं. तिथे घडलेला हा प्रसंग आहे. ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत. वेळा, पोर्टचे क्रमांक आणि आम्ही उचललेली पावलं मात्र त्या दिवशी वहीत लिहून ठेवल्याप्रमाणे दिली आहेत.

## पार्श्वभूमी

ऑफिस दोन मजल्यांचं. साधारण ७० संगणक, काही प्रिंटर, टेबलावरचे नेटवर्क फोन आणि सहा वायफाय ॲक्सेस पॉइंट. रॅकमध्ये २४ पोर्टांचा एक मुख्य मॅनेज्ड, म्हणजे सेटिंग बदलता येणारा, स्विच होता. पोर्ट १ वर राउटर आणि पोर्ट २ ते १९ वर बाकी सगळं: सर्व्हर, ॲक्सेस पॉइंट, मजल्यांवरचे दुय्यम स्विच आणि भिंतीतल्या सॉकेटकडे जाणाऱ्या काही थेट केबली.

मुख्य स्विचवर स्पॅनिंग ट्री चालू होती. लूप, म्हणजे फिरून पुन्हा त्याच जागी येणारी वाट, शोधून एखादा पोर्ट बंद ठेवणारी ही पद्धत रेडिया पर्लमन यांनी १९८५ मध्ये तयार केली. मॅनेज्ड स्विच घेतला की ती बहुधा सोबत येतेच. ती चालू आहे म्हणून लूपची काळजी नाही, असं आम्ही धरून चाललो होतो. त्या समजुतीला कुठे भोक होतं ते पुढे येईल.

पोर्ट १४ समोर नोंदवहीत ‘प्रशिक्षण खोली, एक संगणक’ असं लिहिलेलं होतं. प्रत्यक्षात त्या खोलीत कुणीतरी कधीतरी आठ पोर्टांचा एक छोटा, सेटिंग नसलेला स्विच लावून एका सॉकेटचे पाच संगणक केले होते. आम्हाला त्याचा पत्ता नव्हता. असे स्विच प्रत्येक ऑफिसात कुठल्या ना कुठल्या टेबलाखाली असतातच. एक सॉकेट आणि तीन माणसं, यावर तोच सगळ्यात सोपा उपाय असतो.

## काय घडलं

सकाळी १०:४२ ला सगळं थांबलं. सर्व्हरवर उघडलेल्या फाइली गोठल्या, फोनवर चालू असलेली संभाषणं मध्येच तुटली, प्रिंटर गप्प झाले. मोबाइलवर वायफायचं चिन्ह दिसत होतं, पण त्याखाली ‘इंटरनेट नाही’ अशी सूचना होती. त्यामुळे आमच्याकडे आलेली प्रत्येक तक्रार एकाच शब्दांत होती: ‘इंटरनेट गेलंय.’

तीच तक्रार आम्हीही खरी मानली आणि सेवा देणाऱ्या कंपनीला फोन लावला. त्यांच्या बाजूने लाइन ठीक आहे हे कळायला ११:०५ झाले. मग राउटर बंद करून चालू केला; फरक पडला नाही. ११:१० ला मुख्य स्विच बंद करून चालू केला. तो पूर्ण उठायला चार मिनिटं लागली. उठल्यावर क्षणभरही नेटवर्क चाललं नाही. पोर्ट जागे झाले आणि त्याच क्षणी सगळे दिवे पुन्हा पूर्वीसारखे पेटले.

त्या दिव्यांबद्दल जरा थांबून सांगायला हवं, कारण खरी खूण तिथेच होती. एरवी स्विचचे दिवे आपापल्या लयीत लुकलुकतात: एखादा जोरात, एखादा मधूनच, एखादा बराच वेळ शांत. त्या दिवशी वापरातला प्रत्येक दिवा एकाच वेळी, एकाच तालात आणि इतक्या वेगाने फडफडत होता की लांबून तो स्थिर पेटलेला वाटावा. ज्या सॉकेटच्या टोकाला काहीच काम नसलेला प्रिंटर होता, त्याचा दिवाही तसाच. सगळीकडे एकच गोष्ट, एकाच वेळी पाठवली जात आहे, असा त्याचा अर्थ. माझा सहकारी रॅकसमोर उभा राहून म्हणाला, “अरे, हे इंटरनेटचं नाही. आपल्याच घरात काहीतरी फिरतंय.”

त्याने लॅपटॉप मुख्य स्विचच्या पोर्ट २४ ला जोडला आणि राउटरला पिंग लावलं:

```
ping -t 192.168.1.1
Request timed out.
Request timed out.
```

लॅपटॉप आणि राउटर एकाच स्विचवर, मध्ये दीड हाताचं अंतर, तरी उत्तर नाही. ही चाचणी १०:४५ ला केली असती तर सेवा कंपनीशी बोलण्यात घालवलेली वीस मिनिटं वाचली असती. बाहेरची लाइन तुटली तरी आतल्या राउटरने पिंगला उत्तर द्यायला हवं. तो देत नसेल, तर दोष भिंतीच्या आत आहे.

## लूप की व्हायरस?

अशा वेळी तीन संशयित असतात. एखाद्या संगणकाचं बिघडलेलं नेटवर्क कार्ड अखंड कचरा पाठवत असतं, एखादं लागण झालेलं यंत्र नेटवर्क भरून टाकत असतं, किंवा कुठेतरी लूप झालेला असतो. तिघांची बाहेरची लक्षणं सारखीच, उपाय मात्र वेगळे. म्हणून नेटवर्कवरून काय जातंय ते टिपणाऱ्या वायरशार्क या प्रोग्रॅमने तीन सेकंदांची नोंद घेतली. तीन सेकंदांतच लॅपटॉप रेंगाळला, तरी फाइल उघडली.

तिच्यात एआरपी विनंत्या होत्या. ‘हा पत्ता कोणाचा आहे?’ असं एखादं यंत्र सगळ्यांना विचारतं, तो हा प्रश्न. त्यात विशेष काही नाही, दिवसभर ते चालूच असतं. पण इथे तोच प्रश्न, त्याच यंत्राकडून, अक्षरशः जसाच्या तसा हजारो वेळा होता. आणि असं एकाच यंत्राचं नव्हतं, वीसेक वेगवेगळ्या यंत्रांच्या प्रश्नांच्या अशाच हजारो प्रती होत्या. कार्ड बिघडलं असतं किंवा लागण झाली असती, तर गोंगाट बहुतेक एकाच पत्त्यावरून आला असता. अनेक निरोगी यंत्रांचे साधे प्रश्न अगणित प्रतींमध्ये येत असतील, तर ती यंत्रं निर्दोष आहेत. वाटेतच कुठेतरी कुणीतरी त्यांच्या प्रती काढत आहे. लूप, याबद्दल शंका उरली नाही.

## लूपच्या आत काय चालतं

साध्या स्विचचा नियम असा आहे: एआरपीच्या प्रश्नासारखी सगळ्यांसाठी असलेली डेटाची तुकडी, म्हणजे ब्रॉडकास्ट फ्रेम, आली की ती ज्या पोर्टवर आली तो सोडून बाकी सगळ्या पोर्टांवर पाठवायची. आता समजा छोट्या स्विचवर एकाच केबलचं एक टोक पोर्ट ३ मध्ये आणि दुसरं पोर्ट ७ मध्ये आहे. पोर्ट १ वरून एक ब्रॉडकास्ट आली. स्विचने ती ३ वरही पाठवली आणि ७ वरही. तीनमधून निघालेली प्रत केबलीतून जाऊन सातमधून परत आत आली. स्विचला ती नवी फ्रेम वाटली. नियमाप्रमाणे त्याने ती सात सोडून सगळीकडे पाठवली, म्हणजे तीनवरही, आणि ती पुन्हा सातमधून आत. दुसरी प्रत उलट्या दिशेने अशीच फिरत राहते. प्रत्येक फेरीत एकेक प्रत बाकी पोर्टांवर, म्हणजे मुख्य स्विचकडे जाणाऱ्या पोर्ट १ वरही, बाहेर पडते.

हे थांबत का नाही? आयपी पॅकेटमध्ये प्रत्येक राउटरगणिक एकेक कमी होणारा आकडा असतो. तो शून्य झाला की पॅकेट मरतं. इथरनेट फ्रेममध्ये असा आकडाच नाही. तिला म्हातारपण नाही. केबल निघेपर्यंत किंवा स्विचची वीज जाईपर्यंत ती फिरत राहते. एका फेरीला काही मायक्रोसेकंद लागतात, म्हणजे एकच फ्रेम सेकंदाला लाखाच्या घरात फेऱ्या मारते. अशा थोड्याशाच फ्रेमा जमल्या की पोर्ट १ भरून जातो. एक गिगाबिटच्या जोडणीवर सगळ्यात लहान, ६४ बाइटच्या फ्रेमा सेकंदाला जास्तीत जास्त १४ लाख ८८ हजार मावतात. तो लोंढा मुख्य स्विचकडे आला, आणि मुख्य स्विचनेही आपला नियम पाळून तो सगळ्यांना वाटला.

ब्रॉडकास्ट प्रत्येक यंत्राला वाचावी लागते, कारण ती कदाचित आपल्यासाठीच असेल. म्हणून राउटरचा प्रोसेसर त्यात बुडाला, फोन अडकले, प्रिंटर थिजले. वायफायची अवस्था सगळ्यात वाईट झाली, कारण ॲक्सेस पॉइंट ब्रॉडकास्ट सर्वांत मंद वेगाने पाठवतो, आणि हवेतली सगळी जागा त्यातच संपते.

दुसरं नुकसान शांतपणे होतं, पण तितकंच घातक असतं. मॅनेज्ड स्विच कुठलं यंत्र कुठल्या पोर्टमागे आहे हे येणाऱ्या फ्रेमांवरून शिकतो. राउटरची स्वतःची ब्रॉडकास्ट लूपमधून फिरून पोर्ट १४ वरून परत आली की मुख्य स्विच समजतो, राउटर आता १४ मागे गेला. पुढच्या क्षणी राउटर पुन्हा पोर्ट १ वर दिसतो, मग पुन्हा १४ वर. त्यामुळे लोंढा थोडा ओसरला तरी खरी फ्रेम चुकीच्या दिशेने जाते. या गोष्टीने पुढे आमचा एक उपाय निकामी ठरवला.

मुख्य स्विच बंद करून उपयोग का झाला नाही, हेही यातून कळतं. त्या चार मिनिटांत छोट्या स्विचची वीज चालूच होती आणि फ्रेमा त्याच्या आत फिरतच होत्या. मुख्य स्विच उठला तेव्हा लोंढा दाराशी उभाच होता. हे त्या वेळी लक्षात आलं असतं, तर तो प्रयत्न वाया गेला नसता. दोष मुख्य स्विचमध्ये नाही, त्याच्या एखाद्या केबलीच्या टोकाला आहे, हा पुरावा म्हणून तो कामाला आला असता.

## समोरचे पर्याय

११:२० ला आमच्यासमोर तीन वाटा होत्या.

एक, दोन्ही मजल्यांवर फिरून प्रत्येक टेबलाखाली पाहायचं. सत्तर जागा, बंद खोल्या, आणि आपल्याला माहीत नसलेले स्विच. पाहून न सापडण्याचीच शक्यता जास्त.

दोन, मुख्य स्विचच्या आत शिरून त्यालाच विचारायचं. त्याच्या लॉगमध्ये ‘अमुक पत्ता पोर्ट १ आणि पोर्ट १४ यांच्यात सरकतो आहे’ अशा ओळी एकामागून एक पडत होत्या. नंतर आम्ही त्या वाचल्या. उत्तर तिथे स्पष्ट लिहिलेलं होतं. पण नेटवर्कवरून स्विचमध्ये शिरता येत नव्हतं, कारण नेटवर्कच बंद होतं. अशा वेळी थेट कन्सोल केबल लागते, आणि ती दुसऱ्या इमारतीतल्या कपाटात होती.

तीन, मुख्य स्विचवरच्या केबली काढून अर्ध्या-अर्ध्याने शोध घ्यायचा. याची भीती अशी की १८ केबली उपसल्या आणि परत चुकीच्या जागी बसवल्या, तर नवा घोळ. शिवाय एकाच वेळी दोन लूप असतील तर ही पद्धत फसवते.

कुणाला तरी कन्सोल केबल आणायला पाठवून आम्ही तिसरी वाट धरली. आधी रॅकचा मोबाइलवर फोटो काढला आणि प्रत्येक केबलीवर कागदी पट्टी चिकटवून पोर्टचा क्रमांक लिहिला. त्यात पाच मिनिटं गेली. खाली लोक थांबलेले असताना पाच मिनिटं पट्ट्या चिकटवत बसणं जड जातं. तरी तो निर्णय आजही मला योग्य वाटतो.

## शोध

लॅपटॉपवर पिंग चालू ठेवलं. पोर्ट १ वरचा राउटर आणि २४ वरचा लॅपटॉप तसेच ठेवून, ११ ते १९ या नऊ केबली एकापाठोपाठ काढल्या. अठरा केबलींच्या टोकांना लोक थांबलेले होते, त्यातले निम्मे त्याच क्षणी कामाला लागले:

```
Request timed out.
Reply from 192.168.1.1: bytes=32 time<1ms TTL=64
```

लूपचा हा स्वभाव शोधणाऱ्याच्या फायद्याचा असतो. वाट तुटली की वादळ ओसरत जात नाही, त्याच सेकंदाला संपतं. त्यामुळे प्रत्येक पावलाचं उत्तर लगेच मिळतं. २ ते १० निर्दोष ठरले आणि तिकडची माणसं ११:२७ ला मोकळी झाली.

मग काढलेल्या केबली परत लावायला घेतल्या. १६ ते १९ या चार लावल्या आणि दहा पिंग होईपर्यंत थांबलो. उत्तरं येत राहिली. ११ आणि १२ लावल्या, ठीक. १३ लावली, ठीक. १४ लावली आणि पिंग तिथेच अडकलं. सगळे दिवे एकदम फडफडू लागले. १४ काढली, पुन्हा शांत. १५ लावून पाहिली, ती ठीक होती. एवढ्यावर थांबायचा मोह होता, पण १४ आणखी एकदा लावून तीन सेकंद तोच परिणाम पाहिला आणि काढली. एकदा घडलेला योगायोग आणि दोनदा घडलेलं कारण यांत मोठा फरक असतो.

११:३४ ला प्रशिक्षण खोली वगळता सगळं ऑफिस सुरू झालं. एकूण ५२ मिनिटं गेली, त्यातली शोधाची फक्त नऊ.

## टेबलाखाली

पोर्ट १४ पासून खोलीपर्यंत पोहोचायला त्याहून जास्त वेळ लागला. पॅच पॅनलवरचा क्रमांक पुसट झाला होता आणि खोलीतल्या दोन सॉकेटपैकी एकावर क्रमांकच नव्हता. तारेत सूर सोडून दुसऱ्या टोकाला तो ऐकायचं यंत्र लावून सॉकेट शोधला. तिथून निघालेली केबल एका मोठ्या टेबलाच्या मागे गेली होती, आणि तिथे तो आठ पोर्टांचा स्विच होता. मुख्य स्विचपासून तोडून पंचवीस मिनिटं झाली होती, तरी त्याचे सगळे दिवे अजून फडफडतच होते. आत अडकलेल्या फ्रेमा अजून फिरत होत्या.

पोर्ट ३ मधून एका मीटरची करडी केबल निघून पोर्ट ७ मध्ये शिरली होती. ती उपटली. दिवे शांत झाले.

खोलीत काम करणाऱ्या ताईंना मी विचारलं, ही केबल इथे कशी आली ते सांगू शकाल का? त्यांनी लगेच सांगितलं: “मघाशी टेबल सरकवलं ना, तेव्हा ती खाली लोंबताना दिसली. निसटली असेल म्हणून मीच लावली, सर. त्याने काही बिघडलं का?” वेळ साडेदहानंतरची, म्हणजे जुळत होती. पूर्वी तिथे एक प्रिंटर होता आणि ती त्याचीच केबल. प्रिंटर हलवला तेव्हा केबल स्विचमध्येच राहिली आणि तिचं मोकळं टोक टेबलामागे पडून राहिलं.

त्यांनी जे केलं ते समोर दिसणाऱ्या गोष्टीवरून अगदी बरोबर होतं. सुटलेलं टोक, शेजारी मोकळी खाच, आणि टोक त्या खाचेत नीट बसतं. पूर्वी असं झालं असतं तरी लूप होण्याची शक्यता कमी होती, कारण एकाच प्रकारची दोन उपकरणं साध्या सरळ केबलीने जोडली तर पोर्ट एकमेकांना ओळखत नसत. त्यासाठी तारा उलटसुलट जोडलेली क्रॉसओव्हर केबल लागे. आताचे पोर्ट ती अदलाबदल स्वतःच करून घेतात. त्यामुळे कुठलीही केबल कुठेही चालते, स्वतःच्याच शेजारच्या पोर्टमध्येसुद्धा.

‘कोणी केलं हे?’ असं कुणी दरडावून विचारलं असतं, तर ताईंनी कदाचित काहीच सांगितलं नसतं आणि कारण नक्की कळायला आम्हाला आणखी एक दिवस लागला असता. चौकशीचा सूर हाही या प्रकरणातला एक निर्णयच होता. १२:०७ ला खोली सुरू झाली.

## स्पॅनिंग ट्री काय करत होती?

हा प्रश्न मला दोन दिवस छळत होता. म्हणून त्याच जातीचा एक शिल्लक मुख्य स्विच, तोच छोटा स्विच आणि दोन लॅपटॉप टेबलावर मांडून आम्ही लूप मुद्दाम तयार केला.

पहिली गोष्ट दिसली ती अशी: लूप जोडल्यावर लगेच काहीच होत नाही. लॅपटॉपने पहिला एआरपी प्रश्न विचारला तेव्हाच दिवे पेटले. ऑफिसात असे प्रश्न दर सेकंदाला असतात, म्हणून तिथे ‘लगेच’ वाटलं.

मग बीपीडीयू गार्ड चालू केला. स्पॅनिंग ट्रीवाला स्विच दर दोन सेकंदांनी बीपीडीयू नावाची छोटी फ्रेम पाठवतो. संगणकांसाठीच्या पोर्टवर ती कुठूनही आत आली तर पोर्ट बंद करायचा, हे या गार्डचं काम. आमची अपेक्षा अशी होती की मुख्य स्विचचीच बीपीडीयू लूपमधून फिरून परत येईल आणि पोर्ट बंद होईल. तसं झालं नाही. वादळ जोरात चालू होतं आणि गार्ड शांत.

लूप काढला, लॅपटॉप छोट्या स्विचला जोडून ऐकलं: एकही बीपीडीयू नाही. थेट मुख्य स्विचला जोडून ऐकलं: दर दोन सेकंदांनी एक. म्हणजे छोटा स्विच त्या फ्रेमा गिळत होता. यात त्याचा दोष काढता येत नाही. बीपीडीयू ज्या राखीव पत्त्यावर जाते, `01:80:C2:00:00:00`, त्या पत्त्याच्या फ्रेमा स्विचने पुढे पाठवू नयेत असं मानकच सांगतं. छोट्या स्विचने ते पाळलं. फक्त त्याला स्वतःला स्पॅनिंग ट्री येत नव्हती. परिणामी लूपची बातमी देणारी फ्रेम दाराशीच मेली आणि वादळाच्या फ्रेमा मात्र मोकळ्या फिरल्या. दुसऱ्या बनावटीचा एक छोटा स्विच लावून पाहिला. तो बीपीडीयू पुढे जाऊ देत होता, आणि तिथे गार्डने दोन सेकंदांच्या आत पोर्ट बंद केला. म्हणजे बीपीडीयू गार्ड लावावा, पण टेबलाखाली कुठला स्विच आहे यावर त्याचं यश अवलंबून आहे हे ध्यानात ठेवून.

दुसरा उपाय वादळ-मर्यादेचा: पोर्टवर ठरावीक संख्येपेक्षा जास्त ब्रॉडकास्ट आल्या तर वरच्या टाकून द्यायच्या. आमच्या पोर्टांवर एरवी सेकंदाला काही डझन ब्रॉडकास्ट येत, म्हणून मर्यादा ५०० ठेवली. वादळ अर्थातच आटोक्यात आलं, दिवे शांत दिसू लागले. तरी पिंग मधूनमधून तुटतच राहिलं. कारण वर सांगितलेलं, राउटरच्या जागेचं सरकणं: सेकंदाला ५०० परतलेल्या फ्रेमाही स्विचला ‘राउटर १४ मागे आहे’ असं पटवायला पुरेशा होत्या. हे न तपासता नुसती मर्यादा लावून आम्ही समाधान मानलं असतं, तर पुढच्या वेळी नेटवर्क अर्धवट चालत राहिलं असतं, आणि अर्धवट बिघाड शोधणं पूर्ण बिघाडापेक्षा कितीतरी कठीण असतं.

तिसरा उपाय कामी आला. बऱ्याच मॅनेज्ड स्विचांमध्ये लूप ओळखण्याची वेगळी सोय असते. त्यात स्विच स्वतःची खूण असलेली फ्रेम राखीव नसलेल्या पत्त्यावर पाठवतो, म्हणून छोटे स्विच ती इतर फ्रेमांसारखी सगळीकडे पसरवतात. ती परत आली की पोर्ट बंद. दर दोन सेकंदांनी पाठवायचं ठरवलं. टेबलावर प्रत्येक वेळी दोन-तीन सेकंदांत पोर्ट बंद झाला.

यावर आमच्या दोघांत एका मुद्द्यावर मतभेद झाला. बंद झालेला पोर्ट काही वेळाने आपोआप उघडावा की माणसाने उघडावा? सहकाऱ्याचं म्हणणं होतं, माणसानेच. नाहीतर लूप तसाच असेल तर दर वेळी दोन सेकंदांचा झटका सगळ्यांना बसेल. माझं म्हणणं होतं, रात्री किंवा सुट्टीत केबल कुणी काढली तर पोर्ट उगाच बंद पडून राहील. शेवटी संगणकांच्या पोर्टांसाठी दहा मिनिटांनी आपोआप, आणि ॲक्सेस पॉइंट व दुय्यम स्विचांच्या पोर्टांसाठी माणसाच्या हाताने, असं ठरलं. बीपीडीयू गार्ड आणि ५०० ची मर्यादाही सोबत ठेवली, पण भिस्त लूप ओळखण्यावर.

## वेगळं काय करता आलं असतं

पहिली वीस मिनिटं फोनवर गेली, ती वाचवता आली असती. ‘इंटरनेट गेलं’ हे लोकांचं वाक्य म्हणजे लक्षण असतं. आता अशी तक्रार आली की आम्ही आधी रॅकसमोर जाऊन दिवे पाहतो आणि राउटरला पिंग करतो. दोन्ही मिळून एक मिनिट लागतं.

मुख्य स्विच बंद करायला नको होता. पोर्ट १४ चं नाव पुन्हा लॉगमध्ये आलंच, पण पहिली ओळ किती वाजता पडली ही नोंद स्विचच्या स्मरणातून पुसली गेली. ताईंनी वेळ सांगितली म्हणून निभावलं. आता लॉग दुसऱ्या यंत्रावरही साठवला जातो. कन्सोल केबल रॅकच्या दाराला आतून बांधलेली आहे. ती त्या दिवशी हाताशी असती तर पट्ट्या चिकटवणं आणि केबली उपसणं, दोन्ही टळलं असतं.

छोटे स्विच काढून टाकायचे का, यावरही बोललो. सगळे काढणं जमलं नाही, कारण सॉकेट तेवढेच आणि माणसं वाढलेली. म्हणून प्रत्येक स्विच शोधून नोंदवहीत चढवला. वापरात नसलेल्या केबली मात्र दोन्ही टोकांनी काढल्या. एक टोक स्विचमध्ये आणि दुसरं मोकळं असलेली केबल दिसली की तिचं मोकळं टोक आत बसवायचं नाही, लावलेलं टोकच उपटायचं, एवढं आम्ही सगळ्यांना सांगितलं.

## त्यानंतर

चार महिन्यांनी एका दुपारी एकाच व्यक्तीचा फोन आला: “माझ्या टेबलावरचा फोन आणि संगणक, दोन्ही बंद आहेत.” लॉगमध्ये पोर्ट ९ वर लूप सापडल्याची एक ओळ होती. तिथल्या नेटवर्क फोनला मागे दोन खाची असतात, एक भिंतीसाठी आणि एक संगणकासाठी, आणि फोनच्या आतही एक छोटा स्विचच असतो. टेबल आवरताना दोन्ही खाचींतल्या केबली भिंतीतल्या दोन सॉकेटमध्ये लावल्या गेल्या होत्या. एक काढली, दहा मिनिटांनी पोर्ट उघडला. बाकी ऑफिसात कुणाला काही कळलं नव्हतं.